खंडनाचे भाषण: आधी किती लिहावे आणि किती रिकामे ठेवावे?

वक्तृत्व आणि वादविवाद हे दोन शब्द शालेय स्पर्धांच्या पत्रकांवर बहुधा शेजारी छापलेले असतात, त्यामुळे त्या दोन गोष्टी एकच आहेत असा समज रूढ झाला आहे. वक्तृत्वात वक्ता एकटा असतो. वादविवादात त्याच्यासमोर दुसरा वक्ता असतो, आणि आपली बाजू मांडून झाल्यावर त्या दुसऱ्याच्या म्हणण्याला उत्तर द्यावे लागते. या उत्तराच्या भाषणाला आपण 'खंडन' म्हणतो. शालेय स्पर्धेत त्यासाठी बहुधा दोन किंवा तीन मिनिटे मिळतात. या दोन मिनिटांची तयारी कशी करावी याविषयी शिक्षकांमध्ये दोन तट आहेत. एका तटाचे म्हणणे असे की, खंडन हे स्वभावतःच उत्स्फूर्त असते. ते आधी लिहिणे म्हणजे अप्रामाणिकपणा. दुसरा तट काही म्हणत नाही. तो मुलांना खंडनही लिहून देतो आणि पाठ करून घेतो.

माझे मत या दोहोंपेक्षा वेगळे आहे. खंडन आधी लिहावे. परंतु पूर्ण वाक्यांत लिहू नये, वाक्याच्या उत्तरार्धांत लिहावे. हे विधान थोडे चमत्कारिक वाटेल, म्हणून ते सविस्तर मांडतो. आपल्यापैकी अनेकजण शिक्षक आहेत किंवा पालक म्हणून मुलांची भाषणे लिहून देतात. शिवाय या अभ्यासक्रमात आपण मराठीतील संयुक्त आणि मिश्र वाक्यांचा अभ्यास केला आहे. त्या अभ्यासाचा एक प्रत्यक्ष उपयोग येथे दिसेल.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका गावी आंतरशालेय स्पर्धेला मी परीक्षक होतो. नववीतील एका मुलीने केलेले खंडन मला अजून आठवते. उच्चार स्वच्छ, आवाजात चढउतार, हातवारे मोजके. ती म्हणाली, "काही लोक असे म्हणतात की, धाक असल्याशिवाय मुले अभ्यास करीत नाहीत," आणि मग धाकाविरुद्ध तिने असे काही मुद्दे मांडले की, सभागृहाने टाळ्या वाजवल्या. अडचण एवढीच होती की, तिच्या प्रतिस्पर्ध्याने धाकाचे नावही काढले नव्हते. त्याचे सारे भाषण वेगळ्याच दिशेने गेले होते. माझ्या शेजारच्या परीक्षकांनी तिला खंडनाचे पूर्ण गुण दिले. मी जवळजवळ काहीच दिले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी स्वतःच माझ्याकडे आली.

"सर, माझं काय चुकलं?"

"समोरचा मुलगा काय बोलला, ते सांगशील?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "ऐकलंच नाही, सर. तो बोलत होता तेव्हा मी बाईंनी लिहून दिलेलं मनात म्हणत होते. विसरेन अशी भीती वाटत होती."

या उत्तराने माझा तिच्यावरचा राग गेला आणि त्या लिखित खंडनावर आला. पाठ केलेल्या मजकुराचा खरा तोटा तो शिळा असतो हा नव्हे. तो मजकूर डोक्यात धरून ठेवण्यात वक्त्याचे कान बंद होतात, हा आहे. तथापि या प्रसंगावरून 'काहीच लिहू नका' असा निष्कर्ष काढणारे सहकारीही मी पाहिले आहेत. त्यांचे विद्यार्थी समोरच्याचे सगळे ऐकतात, व्यासपीठावर जातात आणि "माझ्या मित्राचे म्हणणे मला पटत नाही" या वाक्यापुढे त्यांना काही सुचत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला एका मिनिटात प्रमाण शोधून, वाक्य रचून, ते औपचारिक मराठीत बोलता येईल ही अपेक्षाच अवास्तव आहे.

आपल्याकडील तर्कशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. न्यायसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात वादात पराभव कशाने ठरतो याची बावीस कारणे दिली आहेत. त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. त्यांतील एकाचे नाव 'अननुभाषण'. प्रतिपक्षाचे वाक्य तीनदा उच्चारले गेले, सभेला ते समजले, आणि तरीही ज्याला ते परत म्हणून दाखवता येत नाही, तो हरला. उत्तर चुकीचे दिले म्हणून नव्हे. समोरच्याचे म्हणणे त्याच्या तोंडून परत आले नाही म्हणून. ज्या वाक्याचा उच्चारच केला नाही, त्याचे खंडन कशाच्या आधारावर करणार? त्या नववीतल्या मुलीचे नेमके हेच झाले होते. आजच्या परीक्षकांच्या गुणपत्रिकेत 'खंडन' या एका शब्दापुढे दहा गुणांचा रकाना असतो. त्याऐवजी त्याचे दोन भाग करून पाच गुण अनुभाषणाला ठेवावेत, असे मी अनेक आयोजकांना सुचवले आहे. अजून कोणी ते मनावर घेतलेले नाही.

आता वाक्याच्या उत्तरार्धाविषयी. मराठीत आपण 'जो–तो', 'जर–तर', 'जरी–तरी' अशी जोडवाक्ये सहज वापरतो. या वाक्यांचा पहिला भाग परिस्थिती किंवा वस्तू समोर ठेवतो आणि दुसरा भाग त्यावर निर्णय देतो. खंडनाचे सगळे काम या घडणीतच सामावलेले आहे. पहिला भाग प्रतिस्पर्ध्याचा. तो आपल्याला आधी ठाऊक नसतो, म्हणून तो रिकामा ठेवायचा. दुसरा भाग आपला. तो विषय हाती आल्याच्या दिवसापासून ठाऊक असतो, म्हणून तो लिहायचा, घासायचा, पाठही करायचा. इंग्रजीत बोलणाऱ्या वक्त्याला अनेकदा आपला निर्णय आधी सांगून मग समोरच्याच्या म्हणण्याकडे वळावे लागते. मराठीचा स्वाभाविक क्रम मात्र आधी समोरच्याला जागा देतो, आणि आपले ठेवणीतले वाक्य, क्रियापदासह, शेवटी वजनाने पडते. आपल्या भाषेने दिलेली ही सोय आपण क्वचितच वापरतो.

परंतु या तीन-चार जोड्यांपैकी कोणती निवडायची, हा केवळ शैलीचा प्रश्न नाही. 'जर–तर' म्हणताना आपण समोरच्याचे म्हणणे फक्त घटकाभर गृहीत धरतो. ते खरे की खोटे याविषयी आपण बांधले जात नाही. 'जरी–तरी' म्हणताना ते म्हणणे मान्य केल्यासारखे श्रोत्याला ऐकू येते. फक्त त्यातून काढलेला निष्कर्ष आपण अडवतो. 'ज्याअर्थी–त्याअर्थी' ही जोडी याहून पुढे जाते: समोरच्याचे विधान सिद्ध झाले असे धरून ती त्याच्यापासून आपला निष्कर्ष काढते. पुष्कळ मुले सवयीने प्रत्येक ठिकाणी 'जरी–तरी' वापरतात. "जरी आजची मुले आळशी असली, तरी…" असे म्हणताच त्यांनी मुले आळशी असल्याचे फुकट कबूल केलेले असते, आणि चांगला प्रतिस्पर्धी ते लगेच टिपून ठेवतो.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. माझा भाचा नववीत असताना स्पर्धेच्या तयारीसाठी चार दिवस माझ्याकडे आला होता. विषय होता: 'पाचवी व आठवीच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवावे.' त्याला प्रतिकूल बाजू मिळाली होती. विषयाची पार्श्वभूमी आपल्याला ठाऊक असेलच. शिक्षणाच्या हक्काचा २००९चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागच्या वर्गात ठेवता येत नव्हते. २०१९ मध्ये या कलमात दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीत वर्षाअखेर परीक्षा आली. अनुत्तीर्ण मुलाला जादा अध्यापन आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी देणे आले. आणि त्यातही तो अनुत्तीर्ण झाला तर त्याला त्याच वर्गात ठेवायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे गेला. आपल्यापैकी काहींच्या आयुष्यात हा विषय स्पर्धेपुरता नाही, याची मला जाणीव आहे. शाळेतील एका 'नापास'मुळे सुटलेले शिक्षण वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा हाती घेणारे विद्यार्थी मी दरवर्षी संपर्कसत्रात पाहतो.

पहिल्या दिवशी आम्ही भाषण लिहिले नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून सात पत्ते केले. प्रत्येक पत्त्यावर वरच्या बाजूला समोरचा काय म्हणू शकेल ते शिसपेनने तीन-चार शब्दांत, आणि खाली आपले उत्तरार्धाचे एकच वाक्य शाईने. पेन्सिल यासाठी की, वरचा भाग अंदाज आहे. तो खोडावा लागणार. 'पाया कच्चा राहतो', 'धाक नाही', 'शिक्षक गाफील होतात', 'पालक लक्ष देत नाहीत', 'हुशार मुलांवर अन्याय', असे पत्ते तयार झाले. शाईतले एक वाक्य आम्ही बराच वेळ घासले: "पुस्तक तेच, पाठ तेच, शिकवण्याची रीत तीच, बदलते फक्त मुलाचे वय." दुसरे: "त्याला वाचायला शिकवणारा माणूस हवा आहे, तोच बाक नव्हे." ही वाक्ये कोणत्या मुद्द्याला लागू पडतील हे आम्ही ठरवले नाही. ती कोणत्याही दोन-तीन मुद्द्यांना चिकटू शकतील एवढेच पाहिले.

एक पत्ता आम्हाला फाडावा लागला. त्यावर त्याने लिहिले होते, "एका परीक्षेवर मुलाचे वर्ष ठरवणे अन्याय आहे." वाक्य ऐकायला चांगले आहे; पण दुरुस्त कायद्यात पुनर्परीक्षा आहे, म्हणजे वर्ष एका परीक्षेवर ठरत नाही. समोरच्याने कायदा वाचलेला असेल, तर हे वाक्य बोलणाऱ्याचे हसे होईल. ठेवणीतल्या वाक्यांचा हा धोका मोठा आहे: ते जितके घोटीव, तितके आपण ते तपासण्याचे विसरतो. भाचा नाराज झाला, कारण ते वाक्य त्याचे स्वतःचे होते.

"मामा, आणि यातलं एकही समोरचा बोललाच नाही तर?" त्याने विचारले.

"तर सातही पत्ते खिशात ठेवायचे," मी म्हटले. त्याला ते पटले नसावे.

स्पर्धेच्या दिवशी ऐकण्यासाठी आम्ही एक कागद उभा दुमडला होता. डाव्या बाजूला समोरच्याचे शब्द, शक्य तितके त्याचेच. उजव्या बाजूला पत्त्याचा क्रमांक किंवा रिकामी जागा. समोरच्याचेच शब्द लिहिण्याचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. मराठीत 'च' आणि 'ही' ही दोन अव्यये एका अक्षराची आहेत, पण वाद त्यांच्यावर फिरतो. "भीतीनेही मुले अभ्यास करतात" आणि "भीतीनेच मुले अभ्यास करतात" ही विधाने सारखी नाहीत. पहिल्याला उत्तर देणे कठीण, दुसऱ्याला सोपे. म्हणून ऐकणारा नकळत पहिल्याचे दुसरे करून लिहितो आणि मग त्या दुसऱ्याचा समाचार घेतो. न्यायशास्त्रात 'छल' म्हणून जो दोष सांगितला आहे, त्याच्या जवळचे हे आहे. तेथील प्रसिद्ध उदाहरण 'नवकंबल' हे: बोलणाऱ्याला 'नवी घोंगडी असलेला' म्हणायचे असते आणि उत्तर देणारा 'नऊ घोंगड्या कुठे आहेत?' असे विचारतो. तो जाणूनबुजून करतो, आपली मुले घाईने करतात. सभेला दोन्ही सारखेच दिसतात.

आता प्रतिस्पर्ध्याने काय मांडले ते पाहा. तो तयारीचा मुलगा होता. त्याने तीनच मुद्दे घेतले. पहिला: आठवीपर्यंत ढकलत आणलेला मुलगा नववीत एकदम आपटतो, त्यापेक्षा त्याला आधी थांबवणे अधिक दयेचे आहे. दुसरा: पुनर्परीक्षा मिळतेच, म्हणून ही शिक्षा नव्हे. तिसरा: आजार बरा झाला नाही तर औषध अधिक दिवस द्यावे लागते, तोच वर्ग म्हणजे अधिक दिवसांचे औषध. आमच्या सात पत्त्यांपैकी फक्त 'पाया कच्चा' हा एक पत्ता पहिल्या मुद्द्याच्या जवळ जाणारा होता. औषधाची उपमा कोणत्याही पत्त्यावर नव्हती. धाकाचा, शिक्षकांचा, पालकांचा उल्लेखही झाला नाही.

भाच्याचे खंडन असे झाले. घरी परतल्यावर त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेऊन मी ते उतरवले आहे.

"अध्यक्ष महोदय, माझ्या मित्राने आत्ता तीन गोष्टी सांगितल्या. ढकलत आणलेला मुलगा नववीत आपटतो, ही पहिली. पुन्हा परीक्षा मिळते म्हणून ही शिक्षा नव्हे, ही दुसरी. आणि आजार बरा झाला नाही तर औषध अधिक दिवस द्यावे, ही तिसरी. मी तिसरीपासून सुरुवात करतो.

जर वर्ग हे औषध असेल, तर पहिल्या वर्षी त्या औषधाने गुण आला नाही, हे त्यांनीच सांगितले. गुण न आलेले औषध वैद्य बदलतो. येथे मात्र पुस्तक तेच, पाठ तेच, शिकवण्याची रीत तीच. बदलते फक्त मुलाचे वय.

आता दुसरी गोष्ट. पुन्हा परीक्षा मिळते, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु कायदा नुसती परीक्षा देत नाही; त्या मुलाला जादा शिकवावे, असेही सांगतो. ज्याअर्थी जादा शिकवल्याने मूल सावरेल असे कायद्यालाच वाटते, त्याअर्थी उपाय जादा शिकवणे हा आहे, वर्षभर मागे ठेवणे हा नव्हे. ते जादा शिकवणे पुढच्या वर्गातही चालू ठेवता येईल.

राहिली पहिली गोष्ट, आणि तीच अवघड आहे. जरी मुले नववीत आपटतात हे मान्य केले, तरी त्यातून एवढेच दिसते की, त्या मुलाकडे सहावीत आणि सातवीत कोणी पाहिले नाही. पाचवीनंतर थेट आठवीला दार लावणे म्हणजे पाहणे नव्हे. ज्या मुलाला नीट वाचता येत नाही, त्याला वाचायला शिकवणारा माणूस हवा आहे. तोच बाक नव्हे."

हे दोनशे शब्दांच्या आतले भाषण आहे. शाळकरी वक्ता मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द बोलतो, म्हणजे दोन मिनिटांत ते आरामात बसते. यातील किती आधी लिहिलेले होते? शाईची दोनच वाक्ये: 'पुस्तक तेच' आणि 'तोच बाक नव्हे'. जादा अध्यापनाची माहिती भाषणाच्या तयारीत वाचलेली होती, पण ती अशी वळेल हे आम्हाला ठाऊक नव्हते. बाकीचे सारे प्रतिस्पर्ध्याच्या शब्दांतून आले. तरीही सभेला हे भाषण बांधीव वाटले, कारण प्रत्येक तुकडा एका घोटलेल्या वाक्यावर किंवा निश्चित निष्कर्षावर येऊन थांबत होता. उताराला लागलेल्या वक्त्याला कुठे थांबायचे ते माहीत असले की, वाटेत त्याला शब्द सुचतात.

क्रम बदलण्याकडेही लक्ष द्यावे. त्याने तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात केली, कारण तो सर्वांत दुबळा होता आणि सभेच्या कानात सर्वांत ताजा होता. सर्वांत भक्कम मुद्दा शेवटी घेतला आणि 'तीच अवघड आहे' असे उघड सांगितले. कित्येक शिक्षक हे कबूल करू देत नाहीत. मला उलट वाटते. परीक्षकालाही तो मुद्दा अवघड आहे हे दिसतच असते. वक्त्याने तसे म्हटले की, पुढचे उत्तर तो अधिक काळजीने ऐकतो. शिवाय भक्कम मुद्दा शेवटी घेतल्याने वेळ संपली तर तोच सुटण्याचा धोका असतो, म्हणून पहिल्या दोन मुद्द्यांना मिळून एका मिनिटाच्या थोडा पुढेपर्यंतच वेळ द्यायचा, अशी आमची समजूत होती.

या खंडनात कच्चे दुवे आहेत, तेही दाखवतो. औषधाच्या उपमेला दिलेले उत्तर टाळ्यांचे आहे, पण ते टिकणारे नाही. क्षयरोगावर औषधे सहा महिने घ्यावी लागतात. मध्येच सोडली तर आजार उलटतो. हे समोरच्याला सुचले असते, तर उपमा पुन्हा त्याच्या बाजूला गेली असती. म्हणून उपमेला उपमेने उत्तर देऊन तिथे घर करू नये. एक धक्का द्यावा आणि लगेच मूळ गोष्टीवर यावे. भाचा 'पुस्तक तेच, पाठ तेच' या वाक्यावर लगेच आला म्हणून वाचला. दुसरा दुवा 'सहावीत आणि सातवीत कोणी पाहिले नाही' हा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन कायद्यानेच सांगितलेले आहे, तेव्हा 'पाहण्याची व्यवस्था होती, तरीही मुले मागे राहिली' असे समोरचा म्हणू शकला असता. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. खंडनाचे भाषण निर्दोष असते असे मला म्हणायचे नाही; समोरच्याने जे म्हटले त्याला ते लागले पाहिजे, एवढेच.

ते लागले की नाही हे ओळखण्यासाठी मी परीक्षक म्हणून एक साधी कसोटी वापरतो. खंडन मनातल्या मनात उचलतो आणि त्याच बाजूच्या दुसऱ्या एखाद्या स्पर्धकाच्या भाषणापुढे ठेवतो. एक शब्दही न बदलता ते तिथे बसले, तर ते खंडन नव्हते. तो मूळ भाषणाचा उरलेला भाग होता. भाच्याचे भाषण दुसऱ्या कोणापुढे ठेवले तर पहिल्या परिच्छेदातच मोडते, आणि ते मोडते हीच त्याची लायकी. आणखी एक खूण भाषेची आहे. 'काही लोक असे म्हणतात', 'असा आक्षेप घेतला जातो', 'अनेकांना वाटते' ही वाक्ये कोणाकडेही बोट दाखवीत नाहीत. 'माझ्या मित्राने आत्ता सांगितले', 'त्यांचा दुसरा मुद्दा', 'त्यांनीच दिलेली उपमा' या शब्दांना मात्र समोर बसलेला एक माणूस लागतो. लिखित खंडनातून पहिल्या प्रकारची वाक्ये काढून टाकायला सांगा. पुष्कळदा मुलाच्या हाती काहीच उरत नाही.

माझ्या मताविरुद्ध एक आक्षेप मला गंभीर वाटतो. तो असा की, वाक्याचे उत्तरार्ध आधीच ठरवून ठेवणारा माणूस समोरच्याचे म्हणणे त्या उत्तरार्धांना जुळेल असेच ऐकतो. म्हणजे कान बंद होण्याऐवजी वाकडे होतात. यात तथ्य आहे. भाच्याच्या दुमडलेल्या कागदावर मी नंतर पाहिले, तर पहिल्या मुद्द्यापुढे त्याने 'पाया कच्चा' असे लिहिले होते, आणि ते शब्द समोरच्याचे नव्हते, पत्त्यावरचे होते. समोरचा 'दया' म्हणाला होता. त्या एका शब्दाला भाच्याने उत्तर दिलेच नाही. मागे ठेवणे दयेचे की निर्दयपणाचे, हा त्या दिवशीच्या वादाचा खरा गाभा असू शकला असता. परीक्षकांनी त्याला दुसरा क्रमांक दिला. त्या गुणांत हा शब्द होता की नाही, मला माहीत नाही. पण यानंतरच्या सरावात मी एक नियम वाढवला: डाव्या बाजूला आधी सगळे लिहून होऊ द्यायचे, आणि समोरचा बसेपर्यंत पत्त्यांना हात लावायचा नाही. मग एखादा मुद्दा बिनपत्त्याचा निघाला तर उजवीकडे फक्त एक प्रश्नचिन्ह काढायचे आणि त्याच्यासाठी शेवटची वीस सेकंदे मोकळी ठेवायची.

उरलेले सहा पत्ते भाच्याने परतीच्या एसटीत मला परत दिले. 'धाक नाही' हा त्यांतला सर्वांत चांगला लिहिलेला होता. "एवढं चांगलं वाक्य होतं मामा, कुठेतरी घुसवायला हवं होतं," तो म्हणाला, आणि बस सुटेपर्यंत तो पत्ता हातात धरून बसला.